नॉमिनी नाही, तर आधी वारस मोजा

(वारसाहक्काची कामे करणाऱ्या एका वकील महिलेने सांगलीत ज्येष्ठ नागरिकांपुढे दिलेले व्याख्यान, संपादित)

मंडळी, मी आज एकाच घरातली गोष्ट सांगणार आहे. गाव आणि काही तपशील बदलले आहेत, हिशेब मात्र खरा आहे.

तासगावकडचे एक निवृत्त शिक्षक 2021 च्या अखेरीस गेले. मागे पत्नी, मुलगा, विवाहित मुलगी आणि त्यांची वृद्ध आई. डीमॅट खात्यात 12 लाखांचे शेअर, शिवाय एका फंड घराकडे 24 लाखांची म्युच्युअल फंडाची युनिट्स. दोन्ही त्यांच्या एकट्याच्या नावावर. नॉमिनी कुठेच नाही, मृत्युपत्रही नाही. खाते जोडनावाने असते तर दुसऱ्या धारकाकडे सगळे सरळ गेले असते आणि मी आज इथे बोलत नसते.

सरांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, माझ्याकडे आल्या 2024 मध्ये. तोवर मुलाने कुठून तरी नमुने मिळवून प्रतिज्ञापत्रे करून ठेवली होती. त्यात वारस तीन : पत्नी, मुलगा, मुलगी. मी पहिला प्रश्न विचारला, "सर गेले तेव्हा त्यांच्या आई होत्या का?" वहिनी म्हणाल्या, "होत्या ना. पण त्याही गेल्या वर्षी गेल्या."

इथेच सगळे प्रकरण फिरते. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई या सगळ्या पहिल्या वर्गाच्या वारस असतात आणि प्रत्येकाला सारखा वाटा मिळतो. वडील त्या वर्गात नाहीत, आई आहे. आपल्या घरांत हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. सून आणि नातवंडांच्या डोक्यात "बाबांचे ते आपले" असे असते, आणि आजीला तर आपला काही हक्क आहे हे कोणी सांगितलेलेच नसते. पण वारस ठरतात ते मृत्यूच्या दिवशी, अर्जाच्या दिवशी नव्हे. सर ज्या दिवशी गेले त्याच दिवशी आजींचा चौथा हिस्सा ठरला. आजी पुढे गेल्या म्हणून तो हिस्सा नाहीसा झाला नाही. तो आजींच्या वारसांकडे गेला.

आता आजींचे वारस कोण? स्त्रीच्या बाबतीत कायद्याचा क्रम वेगळा आहे. तिचे मुलगे, मुली आणि नवरा पहिले. आधी गेलेल्या मुलाची मुले असतील, तर त्या मुलाचा वाटा ती घेतात. आजोबा कधीच गेले होते. आजींना तीन मुले : आपले सर, त्यांचे धाकटे भाऊ आणि बेळगावात दिलेली बहीण. म्हणून आजींच्या वाट्याचे तीन भाग झाले. एक धाकट्या भावाला, एक बहिणीला, आणि सरांचा तिसरा भाग त्यांच्या मुलगा-मुलीत निम्मा-निम्मा. सुनेला सासूकडून काही मिळत नाही.

हे आकड्यांत पाहू, कारण 24 लाखांची युनिट्स या हिशेबाला सोपी पडतात. सुरुवातीला चार वाटे, प्रत्येकी 6 लाख. आजींच्या 6 लाखांचे तीन भाग, प्रत्येकी 2 लाख. भावाला 2, बहिणीला 2, मुलाला 1 आणि मुलीला 1. शेवटी वहिनींचे 6 लाख, मुलाचे 7, मुलीचे 7, काकांचे 2 आणि आत्याचे 2. डीमॅटच्या 12 लाखांनाही हेच प्रमाण. म्हणजे घरात तीन वारस आहेत असे समजून आलेल्या कुटुंबाचे पाच वारस निघाले. त्यातली एक व्यक्ती कर्नाटकात राहते, आणि तिला याचा पत्ताही नव्हता.

"पण तिघांच्या प्रतिज्ञापत्रावर काम झालेच असते की," असे मुलगा म्हणाला. झालेही असते कदाचित. डीमॅट खाते चालवणारा डिपॉझिटरी पार्टिसिपंट किंवा फंडाच्या नोंदी ठेवणारा रजिस्ट्रार तुमच्या घरी येऊन माणसे मोजत नाही, तो प्रतिज्ञापत्रावर विसंबतो. म्हणूनच ते प्रतिज्ञापत्र इतके जड असते. खोटे निघाले तर फौजदारी अंगाने भारी पडते, आणि तुम्ही जो इंडेम्निटी बाँड, म्हणजे नुकसानभरपाईचे हमीपत्र, दिलेला असतो त्यावर पैसे परत मागता येतात. आत्या उद्या उभ्या राहिल्या, तर घर तुटते ते वेगळेच. मी ते कागद त्याच दिवशी बाजूला ठेवायला सांगितले.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. लोक म्हणतात, नॉमिनी असता तर हा प्रश्नच आला नसता. काम लवकर झाले असते, हे खरे. पण मालकी बदलली नसती. शक्ती येझदानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट सांगितले की नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांसाठी ती मालमत्ता सांभाळतो. वहिनी नॉमिनी असत्या, तरी आत्याचा वाटा आत्याचाच राहिला असता.

आता वाट कोणती घ्यायची. दोन मालमत्ता, दोन मार्ग.

डीमॅटसाठी सेबीने 2022 मध्ये सोपी पद्धत घालून दिली. त्या परिपत्रकात एका डीमॅट खात्यामागे 15 लाखांची मर्यादा आहे. खाते त्याखाली असेल, तर कोर्टात न जाता काम होते. सरांचे 12 लाख, म्हणून ते बसले. लागले काय? मृत्यूचा साक्षांकित दाखला, ट्रान्समिशनचा, म्हणजे शेअर वारसाकडे वळवण्याचा अर्ज, सर्व वारसांची नोटरी केलेली प्रतिज्ञापत्रे, जे वारस स्वतःसाठी मागत नाहीत त्यांचे नाहरकत पत्र, आणि जो घेणार त्याचा नोटरी केलेला इंडेम्निटी बाँड. शिवाय घेणाऱ्याचे स्वतःचे डीमॅट खाते हवेच, कारण मृताच्या खात्यावर नाव चढवता येत नाही. शेअर एका खात्यातून दुसऱ्यात जातात. कागद पूर्ण असतील तर सात दिवसांत हे व्हावे, असा नियम आहे. काका आणि आत्या दोघांनीही नाहरकत दिली आणि शेअर वहिनींच्या नव्या खात्यात आले. पण ध्यानात घ्या, पाचांतल्या एकाने जरी सही नाकारली असती, तरी ही वाट बंद झाली असती.

युनिट्सचे 24 लाख मात्र फंड घराच्या सोप्या पद्धतीच्या मर्यादेच्या पुढे होते. ही मर्यादा दर फंड घरापुरती मोजतात, आणि चालू आकडा टी-3 या अर्जाच्या सूचनांत छापलेला असतो. तो जुन्या लेखातून घेऊ नका. मर्यादेवर गेल्यावर रजिस्ट्रार सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारसा प्रमाणपत्र मागतो.

मुलाने माझ्यापुढे तलाठ्याकडची वारसनोंद ठेवली, सातबाऱ्यावर नाव चढवताना झालेली. ती शेतजमिनीसाठी आहे. शेअर-युनिट्सना ती चालत नाही, आणि नगरसेवकाच्या लेटरहेडवरचा दाखला तर कुठेच चालत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 खाली दिवाणी न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि तो मृत व्यक्ती ज्या हद्दीत राहत होती तिथे. अर्जात मृत्यूची तारीख, कुटुंबातली माणसे आणि जवळचे नातेवाईक पत्त्यांसह, तुमचा हक्क आणि प्रत्येक रोखे-युनिट्सचा तपशील द्यावा लागतो. न्यायालय नोटीस काढते, जाहीर सूचना होते, कोणाची हरकत नसली तर प्रमाणपत्र मिळते. शुल्क रकमेच्या प्रमाणात असते, म्हणून जे सोप्या वाटेने होते ते उगाच कोर्टाच्या यादीत घालू नये. म्हणून आम्ही शेअर त्यात घातलेच नाहीत. आत्यांची संमती प्रतिज्ञापत्राने घेतली.

माझ्या मते, या कामात सर्वात जास्त वेळ वाया जातो तो याद्यांतल्या चुकांमुळे. अर्जात फोलिओ, म्हणजे फंडातल्या खात्याच्या क्रमांकाचा एक आकडा चुकला, योजनेचे नाव विलीनीकरणानंतर बदललेले, किंवा युनिट्सऐवजी फक्त रुपये लिहिले, की रजिस्ट्रार कागद परत पाठवतो. रुपये रोज बदलतात, युनिट्स बदलत नाहीत, म्हणून यादी युनिट्सवरच करा. आणि शेअर असतील तर बोनस, विभाजन आणि लाभांश यांसह असे शब्द घालून घ्या, कारण प्रमाणपत्र हातात येईपर्यंत संख्या वाढलेली असू शकते. प्रमाणपत्र मिळाल्यावर एखादा फोलिओ नव्याने सापडला, तर घाबरू नका. त्याच कायद्याच्या कलम 376 खाली न्यायालय तेच प्रमाणपत्र त्या रोख्यापर्यंत वाढवू शकते. नव्याने सगळे करावे लागत नाही.

यादी पूर्ण करायची तर सरांच्या ईमेलवर येणारे एकत्रित खाते विवरण, म्हणजे सीएएस, सर्वात कामाचे. आमच्या प्रकरणात तो ईमेल उघडता येईना, तेव्हा बँकेच्या पासबुकातल्या लाभांशाच्या नोंदींवरून फोलिओ शोधले. सेबीच्या पुढाकाराने 2025 मध्ये सुरू झालेली मित्रा ही सोय विसरलेले फोलिओ शोधायला आहे.

इथे एक कळकळीची विनंती. बऱ्याच घरांत मुलाला बाबांचा पासवर्ड माहीत असतो आणि तो शेअर विकून टाकतो. तसे करू नका. मृत माणसाच्या नावाने केलेला व्यवहार पुढे बाकीच्या वारसांच्या आणि प्राप्तिकर खात्याच्या प्रश्नांना उत्तर देऊ शकत नाही. 2024 पासून ब्रोकर किंवा फंड घर अशा एका मध्यस्थाला मृत्यूचा दाखला दिला, की केवायसीच्या नोंदी ठेवणाऱ्या केआरए यंत्रणेमार्फत ती खबर बाकीच्यांकडे जाते आणि त्या पॅनवरच्या खात्यांतून पैसे बाहेर पडणे थांबते. ही खबर लवकर द्या. उशीर महागात पडतो. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नाही, तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जातात. ते परत मिळतात, पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि बरीच वाट पाहावी लागते.

वहिनींच्या नावात एक अडचण आली. आधारवर लग्नानंतरचे पूर्ण नाव, पॅनवर आद्याक्षरे. सरांच्या मृत्यूच्या दाखल्यावर मधले नाव चुकलेले. मुलीचे माहेरचे नाव प्रमाणपत्रात, सासरचे बँकेत. दाखला नगरपालिकेतून दुरुस्त करून घेतला. मुलीचा विवाह दाखला जोडला आणि नावे एकाच व्यक्तीची असल्याची प्रतिज्ञापत्रे दिली. ही कामे अर्जाआधी केली तर महिने वाचतात.

शेवटी कर. वारसाकडे युनिट्स येण्यावर कर नाही. तो लागतो विकताना, आणि तेव्हा खरेदी किंमत सरांची धरतात, मुदतही सरांनी घेतल्या दिवसापासून मोजतात. म्हणून वहिनींना मी सांगितले की सरांची जुनी विवरणपत्रे, खरेदीच्या तारखा आणि किमती असलेली, जपून ठेवा. त्यांनी ती एका फाईलीत लावली. काका आणि आत्यांनी युनिट्सवर नाहरकत दिली होती, पण वहिनींनी विक्रीनंतर करापोटीची रक्कम बाजूला काढून दोघांना त्यांच्या वाट्याचे पैसे बँकेतून पाठवले. आत्या बेळगावहून फोनवर म्हणाल्या, "आईचे मला मिळाले."