गोड शब्दांतला धाक : खलनायकासाठी एक पद

श्रोतेहो, नमस्कार.

रंगमंचावरचा खलनायक ओळखू येण्यासाठी आपल्याकडे पुष्कळ सोयी आहेत. लाल प्रकाश आहे, ढोलकीचा किंवा झांजेचा दणका आहे, पिळदार मिशी आहे आणि शेवटी ते गडगडाटी हास्य तर आहेच. या सगळ्या सोयी काढून घेतल्या आणि पदकाराच्या हाती फक्त शब्द ठेवले, तर एकाच पदातून त्या माणसाची मोहिनी आणि त्याचा धाक ही दोन्ही कशी उभी करता येतील, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्यासाठी मी एक प्रसंग कल्पिला आहे आणि त्यावर एक पद रचले आहे.

प्रसंग १८७५ सालच्या वसंतातला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या आसपासच्या एका खेड्यातला आहे. शेतकरी वारला आहे. घरात त्याची विधवा, दहाबारा वर्षांचा मुलगा, एक बैल आणि एक बांधीव विहीर आहे. संध्याकाळी सावकार ओसरीवर येतो. त्याच्या येण्याचे कारण समजायला थोडा कायदा माहीत हवा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर फिर्याद करण्याची मुदत तीन वर्षांवर आणून ठेवली होती. व्याजाचा डोंगर साचत जाऊ नये हा त्यामागचा हेतू होता, पण घडले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार जुने कर्जखत फाडून नवे लिहून घेई, आणि थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल होऊन बसे. म्हणूनच १२ मे १८७५ रोजी सुप्यात शेतकरी उठले तेव्हा त्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या जाळल्या. आपला प्रसंग त्याच्या थोडा आधीचा आहे, आणि बाईच्या खताला तीन वर्षे होत आली आहेत.

अशा जागी पहिल्या बैठकीत हाताला येते ते बहुधा असे असते :

मीच काळ, मीच फास,
सुटका नाही तुम्हांस.

यमक जुळले, चालही सहज बसेल, आणि पद मात्र फुकट गेले. काळ, फास, विष, नाग हे शब्द खलनायकाने स्वतःबद्दल वापरले की प्रेक्षक निर्धास्त होतो, कारण त्याला आता काही ताडायचे उरत नाही. त्याहून मोठा दोष नाट्याचा आहे. असे कोणी उघड बोलले तर ती बाई ओरडू शकते, शेजाऱ्याला बोलावू शकते, पाटलाकडे जाऊन तक्रार करू शकते. खरा मुरलेला सावकार तिला ही संधी कशी देईल? म्हणून मी या पदासाठी एक कसोटी ठरवली. दुसऱ्या दिवशी ही बाई चावडीवर उभी राहिली आणि तिने पदातली प्रत्येक ओळ जशीच्या तशी म्हणून दाखवली, तरी ऐकणाऱ्यांनी म्हटले पाहिजे, “अगं, यात वाईट काय बोलला तो? चौकशीच तर केली.” तिला तक्रारीला एकही शब्द सापडू नये. तिचा धाक तिथूनच सुरू होतो.

आता पद ऐका. छंद साधी अष्टाक्षरी आहे, ओळीला आठ अक्षरे.

सहज आलो वहिनी,
घोटभर पाण्यासाठी.

बैल झालाय देखणा,
चारा घाला पोटभर;
ऊन लागू नये त्याला,
माझी आहे ना नजर.

विहीर बांधली कुणी?
दगड किती नेटके!
पाणी गोड लागते हो,
आपल्या घरासारखे.

पोर खांद्याला लागले,
हात कामाचे दिसती;
येईल तो माझ्याकडे,
घरचीच ना ही नाती.

कागद जुना झालाय,
तिसरे वर्ष हे त्याला;
नवा करू, घाई नाही –
दिवा आहे ना लावला?

या पदाची रचना ज्या एका युक्तीवर उभी आहे ती आधी सांगतो. सावकार प्रेमाने ज्या ज्या गोष्टीची विचारपूस करतो, त्या त्या गोष्टीची तो नोंद करतो आहे. बैल, विहीर, मुलगा हा क्रम मी मुद्दाम ठेवला आहे. जप्तीची यादी करणारा कारकून आधी जंगम मालमत्ता लिहितो आणि मग स्थावर, त्या चालीने बैल आधी आला आणि विहीर नंतर. त्यानंतर यादीत जे येऊ नये ते येते, म्हणजे माणूस. पहिल्या कडव्यात प्रेक्षकाला हा पाहुणा आवडावा, दुसऱ्यातही आवडावा, आणि तिसऱ्यात मुलाचे हात दिसताच त्याने मागे वळून बैल आणि विहीर पुन्हा मोजावीत, अशी ही मांडणी आहे. क्रम उलटा केला, मुलगा आधी आणि बैल शेवटी आणला, तर तेच शब्द राहून पदातली भीती निघून जाते. मी तसे करून पाहिले, तेव्हा ते एका आपुलकीच्या शेजाऱ्याचे गाणे झाले.

आता क्रियापदांकडे वळू. तिसऱ्या कडव्यात आधी “धाडा माझ्याकडे त्याला” अशी ओळ होती. आठ अक्षरे बरोबर होती, अर्थही तोच होता. पण “धाडा” ही आज्ञा आहे, आणि आज्ञेला नकार देता येतो. बाई “नाही धाडत” म्हणू शकते. “येईल तो माझ्याकडे” या वाक्यात तिच्या होकाराला जागाच नाही, कारण तिला कोणी विचारलेलेच नाही. पाऊस येईल तसा मुलगा येईल. मराठीतला हा साधा भविष्यकाळ धमकीपेक्षा जास्त बोचतो आणि दिसायला मात्र दिलाशासारखा दिसतो. पदातल्या उरलेल्या आज्ञाही तपासून पाहा. “चारा घाला” ही एकच आज्ञा उरते, आणि ती बाईच्या भल्याची आहे. फक्त चारा तिचा आणि बैल मात्र त्याचा, असा तिचा हिशेब पुढे लागतो.

“ना” हे अव्यय तीनदा आले आहे, आणि गोडवा बहुतेक त्यातच आहे. “माझी आहे नजर” म्हटले तर पहारा झाला. “माझी आहे ना नजर” म्हटले की ऐकणाऱ्याची मान आपसूक हलते. ज्याने आपल्याकडून मान हलवून घेतली, त्याला पुढे नाही म्हणणे अवघड जाते. “वहिनी” या हाकेचेही तसेच आहे. “बाई” म्हटले असते तर तो ओसरीखालीच उभा राहिला असता. वहिनी म्हटल्याबरोबर तो दीर झाला, आणि दिराला घरात यायला, माठाकडे पाहायला, पोराच्या खांद्यावर हात ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. तिसऱ्या कडव्यातली “घरचीच ना ही नाती” ही ओळ त्या पहिल्या हाकेची वसुली आहे.

“आपल्या घरासारखे” या ओळीत “आपल्या” म्हणजे कोणाच्या, हे मी उघडे ठेवले आहे. तुमच्या आणि माझ्या मिळून, असाही अर्थ होतो. माझ्या स्वतःच्या, असाही होतो. गाताना गायकाने यातल्या कोणत्याही अर्थावर जोर देऊ नये.

“नजर” या शब्दावर मी बराच वेळ अडलो होतो. त्या जागी “घेत जाईन खबर” ही ओळही बसत होती, यमकही राहत होते. पण खबर घेणे म्हणजे विचारपूस करणे तसेच चांगले सुनावणे. हा दुसरा अर्थ उघड धमकीचा आहे, म्हणून ती ओळ चावडीच्या कसोटीला उतरत नाही. नजरेचा दुसरा अर्थ दृष्टीचा, म्हणजे दृष्ट लागण्याचा आहे. ती भीती ऐकणाऱ्या बाईच्या मनातून येते आणि बोलणाऱ्याच्या अंगाला चिकटत नाही. शिवाय गाण्याच्या दृष्टीने “पोटभर” आणि “नजर” हे दोन्ही शब्द “र” वर संपतात. “आ” किंवा “ई” वर सूर लांबवता येतो, “र” वर तो लगेच तुटतो. ओळ गोड चालत येऊन शेवटी थोडी आखडते, आणि संगीतकाराने काही न करताही तिथे एक छोटी थांब्याची जागा मिळते.

अशा पदांत एक चूक हमखास होते. दुहेरी अर्थाची गोडी लागली की पदकार प्रत्येक ओळीत तो पेरू लागतो. मग प्रत्येक शब्द डोळा मारतो, नटही डोळे मारू लागतो, आणि पद कोड्यासारखे होऊन बसते. म्हणून काही ओळी अगदी निर्मळ हव्यात. “दगड किती नेटके!” या ओळीत काहीही दडलेले नाही. या माणसाला चांगले बांधकाम कळते आणि ते पाहून त्याला खरोखर आनंद होतो. त्याची मोहिनी खोटी असेल तर प्रेक्षक भुलणार नाही, आणि प्रेक्षक भुललाच नाही तर पुढे त्याला दचकायचे कारण राहत नाही. हे पद नाटकातल्या एखाद्या प्रेमळ मामाच्या तोंडी देऊन पाहावे. शेवटचे कडवे सोडून ते त्याला शोभले तर शब्द नीट निवडले गेले आहेत असे समजावे.

शेवटच्या कडव्यात “घाई नाही” म्हणून लगेच “दिवा आहे ना लावला?” असे तो विचारतो. अंधारात खत लिहिता येत नाही, म्हणजे काम आज रात्रीच व्हायचे आहे. पण हे कळण्यासाठी तीन वर्षांची ती मुदत प्रेक्षकाला आधीच ठाऊक असली पाहिजे, आणि इथे शब्दांची मर्यादा येते. पदात कायदा समजावून सांगता येत नाही. तसे केले तर सावकाराचा वकील होतो. म्हणून नाटककाराला आधीच्या प्रवेशात एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडी सहज एक वाक्य पेरावे लागेल : “तिसरं वरीस भरत आलं म्हंजी त्यो येनारच.” ते वाक्य नसेल तर चौथे कडवे केवळ एका जुन्या कागदाची गोष्ट होऊन राहील.

कडवे संपल्यावर ध्रुवपद पुन्हा येते, आणि त्यात एका अक्षराचाही बदल नाही. “सहज आलो वहिनी, घोटभर पाण्यासाठी” यातले पाणी आता विहिरीचे असते. तालमीत नट इथे आवाज खाली आणू पाहील, थोडे हसू पाहील, कारण त्याला अर्थ कळलेला असतो आणि तो आपल्याला कळला हे दाखवायचे असते. त्याला अडवावे. पहिल्यांदा जसे म्हटले तसेच दुसऱ्यांदा म्हणायला सांगावे, त्याच लयीत, तेवढ्याच आर्जवाने. आणि संहितेत या पदाच्या आसपास कंसातली एकही सूचना लिहू नये.

नमस्कार.