लुक्स एत वेरितास : बिल्ल्यावरचं क्रियापद कुठं गेलं?

(जळगावातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं ब्रीद तुम्हाला पाठ आहे : 'अंतरी पेटवू ज्ञानज्योत'. यात 'पेटवू' हे क्रियापद आहे. ज्योत कोण पेटवणार? आपण. आता अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या चिन्हावरचे लॅटिन शब्द बघा : लुक्स एत वेरितास. लुक्स म्हणजे प्रकाश, एत म्हणजे आणि, वेरितास म्हणजे सत्य. संपलं! प्रकाशाचं काय, सत्याचं काय, हे कुणी सांगतच नाही.

शब्दशः जायचं तर वेरितासला मी 'सत्य'पेक्षा 'खरेपणा' म्हणेन. 'वेरुस' म्हणजे खरा, आणि त्यापुढचा 'तास' हा आपल्या 'नम्रता', 'मधुरता' यांतल्या 'ता'सारखा भाववाचक प्रत्यय. लुक्सचं नातं संस्कृतातल्या 'रुच्' धातूशी आहे. 'रोचते'चा जुना अर्थ 'चमकतं' असा होता. ज्याची रुची वाटते ते मुळात डोळ्यांत चमकलेलं असतं, हे मला फार आवडतं.

येलच्या ढालीवर उघड्या पुस्तकात हिब्रू अक्षरंही आहेत : 'उरीम' आणि 'थुम्मीम'. बायबलमध्ये मुख्य पुरोहिताच्या वक्षपटात ठेवायच्या वस्तूंची ही नावं. लॅटिन ब्रीद हे त्या जोडनावाचं भाषांतर म्हणून खाली आलं. नाव असल्यामुळे त्यात क्रियापद नाही, आणि दोन्ही शब्द प्रथमेत आहेत. हे 'प्रथमेत' लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

बायबलच्या लॅटिन भाषांतरात एका स्तोत्रात हेच दोन शब्द येतात : 'एमित्ते लुकेम तुआम एत वेरितातेम तुआम'. तुझा प्रकाश आणि तुझं सत्य पाठव. 'एमित्ते' म्हणजे पाठव. क्रियापद आलं, त्याला कर्म लागलं, आणि लुक्सचं लुकेम झालं, वेरितासचं वेरितातेम झालं. मराठीत 'प्रकाश पडला' आणि 'प्रकाश पाठव' यांत प्रकाश जसाच्या तसा राहतो, त्यामुळे हा बदल आपल्याला पटकन दिसत नाही. पण अहिराणीत आपण 'पोऱ्या उना' म्हणतो आणि 'पोऱ्याले बलाव' म्हणतो. तो 'ले' जे काम करतो, तेच तिथं शेवटचा 'म' करतो.

आता केंब्रिजचं ब्रीद : 'हिंक लुकेम एत पोकुला साक्रा'. हिंक म्हणजे इथून. पोकुला म्हणजे पेले, साक्रा म्हणजे पवित्र. इथून प्रकाश आणि पवित्र पेले. क्रियापद इथंही नाही, पण शब्द 'लुक्स' नसून 'लुकेम' आहे. म्हणजे क्रियापद होतं आणि गाळलंय, त्याचा माग 'म'मध्ये उरलाय. 'इथून आम्हाला मिळतात' असं काहीतरी मनात धरायचं. पेले कुठले, हे जुन्या छापील बोधचिन्हात दिसतं. त्यात विद्यापीठ एका स्त्रीच्या रूपात उभं आहे, एका हातात सूर्य, दुसऱ्या हातात पेला. चित्र समोर असेल तर ते दोन शब्द लगेच कळतात. चित्र सोडून नुसते शब्द उचलले की ते पेले कोड्यात टाकतात.

शब्द असे सुटे उचलताना काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. काही वर्षांपूर्वी इकडच्याच एका शाळेनं नवा बिल्ला करायला घेतला. शिवलेला नमुना मला दाखवायला आणला. निळ्या कापडावर पिवळ्या दोऱ्यानं : लुक्स एत वेरितातेम. एक शब्द येलच्या ब्रीदातला, दुसरा स्तोत्रातला. मराठीत सांगायचं तर 'राम आणि सीतेला', आणि पुढं काहीच नाही. 'एत'च्या दोन्ही बाजूंना विभक्ती एकच हवी. लॅटिन येत नसलं तरी एवढं तपासता येतं : एका बाजूला 'म' आणि दुसऱ्या बाजूला 'स' किंवा 'क्स' दिसला की थांबायचं. मात्र ही खूण सगळीकडे चालत नाही. 'पोकुला' बघा, अनेकवचनी नपुंसकलिंगी, त्याची प्रथमा आणि द्वितीया सारखीच.

समितीतल्या एका गृहस्थांना वेगळीच शंका होती. लुक्समध्ये 'यू'ऐवजी 'व्ही' शिवला होता, ती चूक वाटत होती. ती चूक नव्हती. रोमन लोक दगडावर कोरताना दोन्ही उच्चारांना तेच टोकदार अक्षर वापरत, म्हणून जुन्या धाटणीच्या बिल्ल्यांवर ते आजही दिसतं. आम्ही 'व्ही' तसाच ठेवला.

वेरितातेमची शेवटची तीन अक्षरं, टी, ई, एम, शिंप्यानं माझ्यासमोर ब्लेडनं उसवली आणि तिथं एक 'एस' घातला. तो नमुना माझ्याकडे आहे. उजेडात धरला की 'एस'च्या पुढं सुईची भोकं अजून दिसतात.