आकाशातले तीन ठिपके

मंडळी, मागच्या मे महिन्यात ताडोब्याहून परतल्यावर मी नागपूरच्या फुटाळा तलावावर सूर्यास्त टिपायला गेलो. घरी येऊन फोटो उघडले तर प्रत्येकात तेच तीन राखाडी ठिपके. दोन वर डावीकडे, एक उजव्या काठाशी. मग जंगलातले फोटो पुन्हा काढून पाहिले, त्यांत एकही नव्हता. आता ठिपके फुटाळ्यावर आले, असं वाटणं साहजिक आहे. पण ते ठिपके म्हणजे कॅमेऱ्यात सेन्सरपाशी बसलेली धूळ, आणि ती आली होती ताडोब्यातच. उघड्या जिप्सीत बसून, समोरच्या गाडीचा फुफाटा अंगावर घेत मी लेन्स बदलली होती. स्वतःच्या हाताने केलेला गाढवपणा, दुसरं काय!

मग जंगलातल्या फोटोंत ते का नव्हते? ते मी f/4 वर, म्हणजे लेन्सचं भोक, अ‍ॅपर्चर, मोठं ठेवून काढले होते आणि तळ्यावर f/16, म्हणजे लहान, ठेवलं होतं. कण सेन्सरवर थेट बसत नाही, त्याच्या पुढे जी पातळ काच असते तिच्यावर बसतो आणि त्याची सावली मागे पडते. ट्यूबलाइटखाली बोटाची सावली पुसट असते, टॉर्चच्या उजेडात ठसठशीत होते ना, तसंच हे. अ‍ॅपर्चर मोठं असलं की उजेड सगळीकडून येतो आणि सावली विरून जाते. लहान केलं की ती उठून दिसते.

म्हणून आधी खात्री करा. f/16 किंवा f/22, आयएसओ १००, फोकस मॅन्युअल करून मुद्दाम बिघडवलेला. पांढऱ्या भिंतीचा एखाद्या सेकंदाचा फोटो काढा आणि तेवढ्या वेळात कॅमेरा हलवत राहा. भिंतीचे डाग फराटले जातील, सेन्सरवरचा कण मात्र जिथल्या तिथे राहील. मग दुसरी लेन्स लावून तेच करा. ठिपके त्याच जागी आले, म्हणजे लेन्सचा दोष नाही. व्ह्यूफाइंडरमधून दिसतो पण फोटोत येत नाही, असा कण आरशावर किंवा फोकसिंग स्क्रीनवर असतो. त्याच्या नादी लागू नका.

कण नेमका कुठे बसलाय, हेही कळतं. प्रतिमा सेन्सरवर उलटी पडते. लेन्स काढून, कॅमेरा सरळ धरून समोरून आत पाहिलं तर फोटोतला वरचा भाग खाली येतो, पण डावं डावीकडेच राहतं. माझे दोन कण म्हणजे खाली डाव्या कोपऱ्यात होते.

आता सफाई. कॅमेऱ्यात आपोआप सफाईची सोय असेल तर आधी ती दोन-तीनदा चालवा. नाही भागलं तर खोलीतला पंखा बंद करा. आणि नागपूरकर हो, कूलरही बंद करा. उन्हाळ्यात जिवावर येतं, पण त्याच्या वाऱ्यात पाण्याचे तुषार असतात. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. डीएसएलआर, म्हणजे आरशाचा कॅमेरा, असेल तर आरसा वर धरून ठेवायला मेनूमध्ये निकॉनला `Lock mirror up for cleaning`, कॅननला `Clean manually` असतं. बल्ब मोड लावून बटण दाबून धरायचा जुगाड करू नका. बोट सुटलं की शटर मिटतं, आणि त्याच्या पाती फार नाजूक असतात. मिररलेसमध्येही काही कॅमेरे बंद केल्यावर शटर मिटून घेतात. मिटलेल्या शटरवर हवा मारायची नाही, म्हणून आधी आत डोकावून पाहा.

ब्लोअर म्हणजे साधा रबरी फुगा. आधी तो चार-पाचदा बाहेर दाबा, त्याच्या पोटातली धूळ निघून जाऊ द्या. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरा, म्हणजे सुटलेला कण खाली पडेल. आरसा वर नेण्याआधी त्याच्या खोबणीत फुग्याचे दोन झटके द्या, नाहीतर तिथली धूळ सेन्सरवर जाईल. मग आरसा वर. नळीचं टोक माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याच्या, बाहेरच ठेवून आठ-दहा झटके द्या. टोक आत गेलं आणि हात हलला तर काचेवर ओरखडा पडतो, तो कायमचा. तोंडाने फुंकलं तर थुंकीचे थेंब उडतात, डब्यातल्या दाबाच्या हवेतून गार द्रव येऊ शकतो आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरमधून तेल-पाणी येतं. तिन्ही नको.

पहिल्या खेपेनंतर मी पुन्हा भिंतीचा फोटो घेतला. डावीकडचा एक कण गेला, दुसरा सरकून मधोमध आला. बायको म्हणाली, ‘अहो, हा तर आणखी वाईट झाला.’ मला मात्र बरं वाटलं. हलला म्हणजे तो कोरडा आहे, निघेल. दुसऱ्या खेपेला गेला.

उजवीकडचा ढिम्म. मोठा करून पाहिला तर गोल आणि कडेने फिकट वलय. हे लक्षण बहुधा चिकट थेंबाचं, तेलाचं किंवा वाळलेल्या पाण्याचं. तिथे फुगा दाबून दाबून हात दुखतो, बाकी काही होत नाही. असा डाग ओल्या स्वॅबनेच निघतो आणि ते काम मी दुरुस्तीवाल्याकडे दिलं. मधे एक लग्न होतं, ते सगळं f/4 वर काढलं. त्यात तो ठिपका कुणालाच दिसला नाही, मलाही नाही.