कॉल वाजला नाही, तरी मॅच अडकली? गेम मोडचं खरं सेटिंग

डू नॉट डिस्टर्ब चालू आहे, गेम मोड चालू आहे, फोन गप्प. शेवटच्या झोनमध्ये तुम्ही तिघंच उरलात आणि अचानक समोरचा जागच्या जागी थिजला. पाच सेकंदांनी कळतं की तुम्ही मेलात. मॅच संपल्यावर बघता, तर एक मिस्ड कॉल! रिंग वाजली नाही, स्क्रीनवर काही आलं नाही, तरी त्या कॉलनेच घात केला. आज ॲण्ड्रॉइड फोनवर हे कसं थांबवायचं ते बघू.

आधी नेहमीचा भाग उरकून घेऊ. सेटिंग्जमध्ये वरच्या सर्चमध्ये थेट Do Not Disturb टाइप करा, कारण प्रत्येक कंपनीने ते वेगळ्याच ठिकाणी लपवलंय. आत कॉल्सचा नियम असतो: कोणाचे कॉल येऊ द्यायचे. बऱ्याच फोनमध्ये इथे आधीपासून स्टार केलेल्या कॉन्टॅक्ट्सना मुभा असते, म्हणजे आवडत्या माणसांचा फोन वाजणारच. तिथेच खाली Repeat callers नावाचं बटण आहे. एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल आला, तर तो डीएनडी ओलांडून वाजतो. आयफोनवर हीच मुदत तीन मिनिटांची आहे. आता विचार करा, आपण फोन उचलला नाही की माणूस काय करतो? लगेच परत लावतो. ‘डीएनडी कामच करत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी हे बटण बघावं. घरात कोणी आजारी असेल, तर मात्र ते चालूच ठेवा. रँक पुन्हा चढवता येते.

नोटिफिकेशनचं एक वेगळं सेटिंग आहे. नुसता आवाज बंद केला, तर काही फोनमध्ये वरून पट्टी खाली येतच राहते आणि आपण स्कोप उघडायला जातो नि बोट पडतं त्या पट्टीवर. म्हणून आवाज आणि दृश्य दोन्ही बंद करणारा पर्याय निवडा. अलार्मलाही डीएनडीमध्ये सहसा मुभा असते, तेव्हा पहाटेपर्यंत खेळणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवा.

हे सगळं दर वेळी हाताने करायची गरज नाही. फोनच्या गेम मोडमध्ये, नाव काहीही असो, गेम उघडल्यावर कॉल आणि नोटिफिकेशन अडवायचा पर्याय बहुधा मिळतो. आयफोनवाल्यांनी गेमिंग फोकसमध्ये गेमचं ॲपच ट्रिगर म्हणून जोडा. तिथला गेम मोड वेगळा, तो फक्त परफॉर्मन्स बघतो, कॉल अडवत नाही.

आता मूळ दुखण्याकडे. डीएनडी कॉल अडवत नाही, फक्त तुमच्यापासून लपवतो. नेटवर्कवरून तो फोनपर्यंत येतोच. तुमच्या सिमवर व्होल्टी, म्हणजे फोरजीवरूनच कॉल, बंद असेल, तर तो कॉल घ्यायला फोन फोरजी सोडून थ्रीजी किंवा टूजीवर उतरतो. रिंग न वाजताही उतरतो. त्या क्षणी डेटा मंदावतो किंवा तुटतो, आणि पिंग आकाशाला भिडतं.

हे तपासायला मॅच नको, ट्रेनिंग ग्राउंड पुरे.

[स्क्रीन रेकॉर्डिंग]

मोबाइल डेटावर गेम उघडा, पिंग दिसेल असं ठेवा आणि मित्राला कॉल करायला सांगा. स्क्रीनवर काहीच आलं नाही, छान. पण वरचं नेटवर्कचं चिन्ह बघा. 4G चं H किंवा E झालं आणि पिंग लाल झालं, तर दोष डीएनडीचा नाही. सिमच्या सेटिंगमध्ये जाऊन व्होल्टी चालू करा आणि मित्राला पुन्हा लावायला सांगा. चिन्ह जागचं हललं नाही आणि पिंग शांत राहिलं, तर झालं काम. हा दुसरा कॉल पंधरा मिनिटांच्या आतच लावा, म्हणजे Repeat callers सुद्धा तपासून होईल. मग एक व्हॉट्सॲप कॉलही करून बघा, कारण तो इंटरनेटवरून येतो.

दोन सिमवाल्यांनी ही चाचणी दोन्ही नंबरवर करावी. डेटा एका सिमवर आणि कॉल दुसऱ्यावर आला, की अनेक फोन पहिल्या सिमचा डेटा थांबवतात. शक्य असेल तर स्पर्धेच्या वेळी दुसरं सिम सेटिंगमधून बंदच करा.

आणि वाय-फाय असेल, तर सगळ्यात पक्का उपाय: एअरप्लेन मोड लावा, मग वाय-फाय वेगळं चालू करा. सिमवर कॉल येणारच नाही, समोरच्याला फोन बंद असल्याचं ऐकू येईल. फक्त वाय-फाय कॉलिंग आधी बंद करा, नाहीतर तोच कॉल वाय-फायवरून आत येतो. व्हॉट्सॲपचे कॉल मात्र या उपायाने थांबत नाहीत, त्यांच्यासाठी डीएनडी लागतंच.