सातव्या अक्षरावरचा उजेड

(पडद्यावर: फोनमधला एक फोटो. चंदेरी लेबल, मधोमध फ्लॅशचा पांढरा डाग.)

स्पेअर पार्टच्या दुकानात असा फोटो रोज येतो. वॉशिंग मशीनची पाटी, थोडी वाकडी, मधोमध फ्लॅशचा लखलखाट. खाली एका ओळीचा मेसेज: ‘या मशीनचं पॅनल मिळेल का?’

पाटीवरचं नाव दिसतं ते असं: FHM120, पुढे पांढरा डाग, मग ZDL. एक अक्षर गेलं आहे, सातवं. तिथे 7 असेल तर मशीन वेगळं, 8 असेल तर वेगळं. दोन्ही मशीन समोरून जवळपास सारखीच दिसतात. अंदाजाने पार्ट मागवला तर तो परत पाठवण्यात आठवडा जातो, आणि तोवर घरचे कपडे हातानेच धुवावे लागतात.

डोळे बारीक करून त्या डागाकडे पाहण्यात अर्थ नाही. तिथे फोटोने काही टिपलेलंच नाही. आधी हे नाव कसं बांधलं आहे ते बघू.

एलजीच्या भारतातल्या या फ्रंट लोड मालिकेत सुरुवातीची तीन अक्षरं मालिकेची. पुढचे दोन आकडे पिळण्याचा वेग सांगतात: 12 म्हणजे मिनिटाला १२०० फेरे. त्यापुढचे दोन आकडे कपड्यांचं वजन सांगतात: 07 म्हणजे सात किलो, 08 म्हणजे आठ. साडेसहा किलोचं मशीन असेल तर तिथे 65 लिहितात. शेवटच्या अक्षरांत आवृत्ती आणि रंग येतो. L चंदेरी, W पांढरा.

आता त्याच फोटोत खाली पाहा. पाटीवर क्षमतेची वेगळी ओळ असते. ती डागाच्या बाहेर आहे आणि तिथे स्वच्छ लिहिलं आहे: 7.0 kg. सातव्या अक्षराची जागा भरली. मॉडेल FHM1207ZDL.

(पडद्यावर: नाव आणि क्षमतेची ओळ, दोन्हींखाली रेघ.)

मजकूर पुसट असतो तेव्हा 0 आणि O, 2 आणि Z, 5 आणि S, 8 आणि B यांची सरमिसळ होते. अशा वेळी अक्षराच्या आकारापेक्षा त्याची जागा जास्त भरवशाची. या मालिकेत मधली चार घरं आकड्यांची आहेत, म्हणून तिथला गोल 0 च असणार. त्यानंतरची घरं अक्षरांची, म्हणून तिथे 2 सारखं दिसणारं चिन्ह Z आहे. हा नियम या मालिकेपुरता. दुसऱ्या कंपनीची पाटी हातात आली की तिची घरं नव्याने समजून घ्यावी लागतात.

सिरियल नंबरही असाच पारखता येतो. एलजीच्या सिरियलचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे दोन महिन्याचे. आपल्या फोटोत सुरुवात 188 अशी वाचता येते किंवा 108 अशी. महिना अठ्ठ्याऐंशी असूच शकत नाही. म्हणजे 108: वर्षाच्या शेवटी एक, महिना ऑगस्ट. पण वर्ष २०११ की २०२१? एकटा सिरियल हे सांगत नाही, कारण दर दहा वर्षांनी तोच आकडा परत येतो. इथे मॉडेल मदतीला येतं. FHM मालिका २०११ साली बाजारात नव्हती, त्यामुळे मशीन ऑगस्ट २०२१ चं.

सिरियलशेजारी बारकोड असेल तर त्याचाही वेगळा जवळून फोटो मागवावा. तो कोड 128 पद्धतीचा असेल तर त्यात पडताळणीचं एक चिन्ह गुंफलेलं असतं. फोटो खराब असला तर स्कॅनर बहुधा काहीच वाचत नाही. चुकीचा नंबर देण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

एक गोष्ट मात्र या फोटोत सुटली आहे. पूर्ण मॉडेलमध्ये नावानंतर टिंब आणि त्यापुढे आणखी अक्षरं येतात. भारतातल्या मशीनवर त्यांचा शेवट बहुतेकदा EIL असा होतो. फोटोच्या कडेला ती कापली गेली आहेत. ग्राहकाला पॅनल हवं आहे, आणि पॅनल किंवा पीसीबी मागवताना हीच शेपटी विचारली जाते. त्यामुळे ऑर्डर इथे थांबवायची आणि दुसरा फोटो मागवायचा.

बॉशच्या मशीनवर तिरप्या रेघेचं महत्त्व तसंच आहे. E-Nr. या ओळीत मॉडेलपुढे रेघ आणि दोन आकडे असतात, जसं /01 किंवा /12. मॉडेल तेच राहून आतले सुटे भाग बदलले की हे आकडे बदलतात. शेजारी FD ची चार आकड्यांची ओळ असते. तिच्या पहिल्या दोन आकड्यांत वीस मिळवले की वर्ष निघतं. FD 9905 असेल तर नव्याण्णव अधिक वीस एकशे एकोणीस, म्हणजे २०१९, आणि महिना मे.

(पडद्यावर: फ्रीजची मागची बाजू, खाली काळा कॉम्प्रेसर.)

फ्रीजमध्ये फसगत वेगळ्या जागी होते. लोक फ्रीज पुढे ओढतात, मागे वाकतात आणि समोर दिसेल त्या पाटीचा फोटो काढतात. ती असते कॉम्प्रेसरची. तिच्यावरही मॉडेल असतं, सिरियल असतो, व्होल्टेज असतं. पण तो नंबर फ्रीजचा नाही. ओळखायची खूण सोपी आहे: फ्रीजच्या पाटीवर लिटर लिहिलेले असतात, कॉम्प्रेसरच्या पाटीवर नसतात. फ्रीजची पाटी बऱ्याचदा आतल्या भिंतीवर, भाजीच्या ट्रेजवळ असते. ट्रे बाहेर काढल्याशिवाय ती दिसत नाही.

त्या पाटीवरची गॅसची ओळ मेकॅनिकने कधीही सोडू नये. तिथे R600a किंवा R134a लिहिलेलं असतं आणि पुढे ग्रॅम. R600a म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा वायू. म्हणून जवळ पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चिन्ह असतं. घरच्या फ्रीजमध्ये तो साधारण पन्नास ग्रॅमच्या आसपास भरलेला असतो. त्याच आकाराच्या फ्रीजमध्ये R134a त्याच्या दुपटीहून जास्त लागतो. मॉडेल नीट वाचलं नाही आणि कॉम्प्रेसर दुसऱ्या गॅसचा बसवला तर फ्रीज धड थंड करत नाही. R600a च्या फ्रीजला उघड्या ज्वाळेने ब्रेझिंग करायला घेतलं तर जीवावर बेतू शकतं.

आता ग्राहकाला फोटो कसा काढायला सांगायचा? पाटी कोरड्या फडक्याने पुसावी. थिनर लावला तर छापील शाई निघून जाते. फ्लॅश बंद करावा. दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूने, कमी उंचीवर धरावा, म्हणजे चकाकी कॅमेऱ्यात येत नाही आणि पुसट अक्षरंही उठून दिसतात. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. साधा पाठवला की ॲप त्याचा आकार कमी करतं आणि बारीक अक्षरं तिथेच जातात. ॲपमध्ये टाकून धारदार केलेला फोटो नको. नसलेल्या रेषा त्यात उमटतात, आणि 3 चा 8 होतो.

काही घरांत पाटी उरलेलीच नसते. दमट हवेत सोलून निघालेली, किंवा रंगाऱ्याने रंगवलेली. मग समोरच्या पॅनलचा, बटणांचा आणि ऊर्जा बचतीच्या तारांकित लेबलचा फोटो घ्यावा. त्या लेबलवर मॉडेलचं नाव असतं. मात्र त्यावरचं वर्ष लेबलच्या मुदतीचं असू शकतं, उत्पादनाचं नव्हे. एवढ्या माहितीवर मालिका ठरते, क्षमता ठरते. टिंबानंतरची शेपटी मिळत नाही, आणि तेव्हा जुना पीसीबी खोलून त्याच्या स्टिकरवरचा पार्ट नंबरच वाचावा लागतो. एलजीच्या बोर्डवर तो बहुधा EBR ने सुरू होतो, आणि ऑर्डर त्या नंबरावरून देता येते.