‘अप टू’ म्हणजे ‘पर्यंत’ नव्हे

नमस्कार. विषय मॅट्रिक्सचा असूनही इतकी मंडळी आलीत, म्हणजे बाहेर पाऊस बराच असणार!

सुरुवात एका पत्रानं करतो. वहीचं दुरेघी पान, निळी शाई. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगी. लिहिते: “सर, नववीत शिकलो की दोन सदिश समान असायला परिमाण आणि दिशा दोन्ही समान हव्यात. मग आयगेन व्हेक्टरला तिनानं गुणलं, परिमाण तिप्पट झालं, तरी तो तोच कसा? पुस्तकात लिहिलंय, यूनिक अप टू ए स्केलर मल्टिपल. मी शब्दकोशात पाहिलं. ‘अप टू’ म्हणजे ‘पर्यंत’. अदिश पटीपर्यंत एकमेव. कुठपर्यंत, सर? दुपटीपर्यंत की दहापटीपर्यंत?”

आयगेन व्हेक्टर म्हणजे मॅट्रिक्सनं गुणलं तरी आपली रेषा न सोडणारा, फक्त एका ठरावीक पटीत बदलणारा सदिश; ती पट म्हणजे आयगेन व्हॅल्यू, λ. हे पत्र मी घरी दोनदा मोठ्यानं वाचलं. मुलीनं काहीही चुकीचं केलेलं नाही. शब्द अडला, कोश उघडला, आणि कोशानं तिला भलत्याच गल्लीत नेऊन सोडलं. गणितात ‘अप टू’ म्हणजे ‘एवढा फरक सोडला तर’. अदिश पटीचा फरक सोडला, तर उत्तर एकच. एवढं एक वाक्य वर्गात कुणी मराठीत सांगितलं असतं, तर तिला पोस्टात जावं लागलं नसतं. याचा मला राग येतो, आणि तो मी इथे मुद्दाम बोलून दाखवतोय. आपण इंग्रजी शब्द फळ्यावर लिहितो आणि समजतो की अर्थही लिहून झाला.

पत्राच्या मागच्या बाजूला तिचं गणित आहे. मॅट्रिक्स A: पहिली ओळ 4, 1, दुसरी ओळ 2, 3. निश्चयकावरून आयगेन व्हॅल्यू काढल्या, 5 आणि 2. दोन्ही बरोबर. 2 साठी समीकरण येतं 2x + y = 0. तिनं y = 1 घेतला, x आला −1/2. उत्तरपत्रिकेच्या नमुन्यात होतं (1, −2). तपासणाऱ्यानं तिच्या उत्तराभोवती लाल गोल काढला आणि गुण कापले. अहो, गुणून तर बघायचं! A नं (−1/2, 1) ला गुणलं की येतं (−1, 2), म्हणजे बरोबर दुप्पट. उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. तिचा सदिश −2 नं गुणला की नमुन्यातलाच मिळतो.

ही सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. तिच्यावर खडूनं तीन रेघा काढल्यात: लांबीच्या दिशेनं एक बोटभर, त्याच दिशेनं दुसरी वीतभर, आणि एक तिरपी. आता ताणतो. पहिल्या रांगेतल्यांनी तिरपीकडे बघा, ती वळली, लांबीकडे झुकली. लांबीच्या दोन्ही रेघा मात्र जराही वळल्या नाहीत, नुसत्या लांबल्या, आणि दोन्ही सारख्याच पटीत. बोटभर रेघ मी काढली होती, ट्यूबनं नाही. ट्यूबला ठाऊक आहे ती फक्त दिशा आणि ताणाची पट.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मूळ उत्तर भराभर सांगतो.

नववीचा नियम खराच आहे. v आणि 3v हे दोन वेगळेच सदिश. ‘तोच’ हा शब्द आपण सैल वापरतो. तीच असते ती रेषा. (1, −2) आणि (−1/2, 1) एकाच रेषेवर आहेत, आणि त्या रेषेवरचा शून्य सोडून कुठलाही सदिश चालतो. पटीनं गुणल्यावर λ का बदलत नाही? A(3v) = 3(Av) = 3(2v) = 2(3v). तीन दोन्ही बाजूंना येतो, 2 जागचा हलत नाही.

शून्य वगळायचा, कारण A·0 = λ·0 हे कुठल्याही λ साठी खरं होतं; त्यातून काहीच कळत नाही. आणि पट दोन्ही घटकांना एकच हवी. वेगवेगळ्या λ चे सदिश मिळवले तरी बिघडतं: 5 चा (1, 1) आणि 2 चा (1, −2) मिळून (2, −1) होतो, A त्याला (7, 1) वर नेतो, म्हणजे दिशा वळली. आणखी एक अडचण. एकच λ दोनदा आली, तर कधी कधी रेषेऐवजी अख्खं प्रतल मिळतं. मग दोन मुलांची उत्तरं एकमेकांच्या पटीत नसूनही दोन्ही बरोबर असू शकतात. तपासणाऱ्यांनी हे तरी लक्षात ठेवावं.

संगणक बहुधा लांबी 1 करून देतो, म्हणून (1, 1) ऐवजी 0.7071, 0.7071 दिसतं. तरीही चिन्ह उलटं येऊ शकतं, घाबरू नका.

तिला मी उत्तर पाठवलं, सोबत ट्यूबचा तुकडा. पुढच्या पत्रात तिनं विचारलंय, “सर, पट्टी फिरवली आणि ताणलीच नाही, तर न वळणारी रेघ कुठली?” तिच्यासाठी कॉम्प्लेक्स संख्या काढाव्या लागणार. त्या पत्राला आज रात्री बसतो.