चार मिनिटांचा निरोप

नमस्कार, श्रोतेहो.

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत 31 मे म्हणजे निरोपांचा दिवस. शाळेत नाव घालताना कितीतरी जणांची जन्मतारीख सरसकट 1 जून लावली गेली, आणि 1 तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच निवृत्त होतो. त्यामुळे एकाच दुपारी तीन-तीन, चार-चार सत्कार. निवृत्त होणारे विभागप्रमुख निरोपाचं बोलायला उठतात ते सगळ्यांत शेवटी. तोवर समोसे गार झालेले असतात आणि निम्म्या लोकांचं लक्ष परतीच्या एसटीकडे लागलेलं असतं. म्हणून भाषण चार मिनिटांचंच हवं. सावकाश बोललं तर तेवढ्यात चारशेच्या आसपास शब्द होतात.

समजा, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे कार्यकारी अभियंता निवृत्त होताहेत आणि विभागात साठ माणसं आहेत. साठ नावं घ्यायला गेलं की दोन सुटतात, आणि जिना उतरताना चर्चा होते ती त्या दोघांचीच. बरं, 'सर्वांचे मनःपूर्वक आभार' म्हणून मोकळं व्हावं, तर ते कुणालाच पोचत नाहीत. त्यापेक्षा नावं न घेता शाखा घ्याव्यात आणि प्रत्येक शाखेचं एकच काम सांगावं, पण अगदी नेमकं. लेखा शाखेबद्दल असं म्हणता येईल: "मार्चअखेरीला रात्री उशिरा एका देयकावर मी सही केली होती. मोजमाप पुस्तकात त्याची नोंद नाही, हे लेखा शाखेनं पाहिलं आणि ते माझ्याकडे परत पाठवलं. त्या रात्री मी चिडलो होतो. आज आभार मानतो."

आपली चूक दाखवणाऱ्याचे असे आभार मानले की ते तोंडदेखले वाटत नाहीत. शिपाई, वाहनचालक आणि आवक-जावकची खिडकी यांना मात्र शेवटी 'तसेच' म्हणून जोडू नये. त्यांच्यापासूनच सुरुवात करावी. सुरुवातीला सगळे ऐकत असतात.

आवाज बहुधा घरच्यांच्या उल्लेखापाशी अडखळतो. तो उल्लेख शेवटी ठेवला तर पुढचं बोलणं राहूनच जातं. म्हणून तो मध्ये घ्यावा, एका वाक्यात, आणि लगेच कामाच्या गोष्टीकडे वळावं. पाण्याचा पेला हाताशी असू द्यावा.

बदल्या, रखडलेली बढती, जुने वाद यांतलं काहीही नको, गमतीनंही नको. ज्यांच्यावर रोख असतो, त्यांना तो बरोबर कळतो. नव्या साहेबांना जाहीर सल्लाही देऊ नये. अपुऱ्या कामांची यादी कार्यभार सोपवताना लेखी द्यावी आणि भाषणात एवढंच म्हणावं: "कपाटाच्या किल्ल्या आणि प्रलंबित कामांची यादी दुपारीच दिली आहे. चहा घेऊ या."